सहासष्ट शीट आणि बहात्तर किलो

भोसरी एमआयडीसीतली एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. एचआर शीट, म्हणजे लोखंडी पत्रा, आणायची, कापायची, वाकवायची, वेल्ड करायची आणि ब्रॅकेट बनवून चाकणच्या कारखान्यांना पुरवायची, हा धंदा. २०२४-२५ च्या ऑडिटसाठी आम्ही मे महिन्यात तिथल्या पोटमाळ्यावरच्या ऑफिसात जाऊन बसलो. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून आकडेही थोडे हलवले आहेत.

खरेदीची यादी टॅलीतून काढली की आर्टिकल, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या मंडळींचा हात लगेच बिलांच्या फाइलकडे जातो. मी आधी यादीची बेरीज मागतो आणि ती ट्रायल बॅलन्सशी लावून बघतो. इथे ती पहिल्या दिवशी जुळलीच नाही. काही बिलं जर्नलमधून टाकली होती आणि ती पर्चेस रजिस्टरमध्ये दिसत नव्हती. ती घातल्यावर यादी १,२२४ बिलांची आणि ११.६० कोटींची झाली. अपुऱ्या यादीतून काढलेला नमुना कितीही नीट तपासला, तरी जी बिलं यादीत नव्हती त्यांच्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

पाच लाखांवरची बारा बिलं सगळीच घेतली. ती २.९० कोटींची होती. उरलेल्या १,२१२ मधून चाळीस निवडायची होती. आर्टिकलने चिठ्ठी काढून १७ हा आकडा घेतला आणि तिथून दर तिसावं बिल उचललं: १७, ४७, ७७ असं करत ११८७ पर्यंत. या चाळीस बिलांची किंमत भरली २८.६० लाख. निवडीचे आकडे अकाउंटंटना त्याच दिवशी सकाळी दिले. आदल्या आठवड्यात यादी मेल केली, की फाइल 'तयार' होऊन येते, हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आर्टिकलने अर्ध्याहून जास्त बिलांवर हिरवी टिक केली होती. ४९७ नंबरचं बिल तिने मला सहज दाखवलं. "सर, हे सगळं जुळतंय. एक किलोचाही फरक नाही."

मला त्या 'एक किलोचाही' या शब्दांनी थांबवलं.

बिल कळंबोलीच्या एका स्टील व्यापाऱ्याचं होतं. तीन एमएमची एचआर शीट, २५०० बाय १२५० मापाची, ६६ नग, वजन ४,८५७ किलो, दर ५४.५० रुपये. किंमत २,६४,७०६.५०, त्यावर नऊ-नऊ टक्के सीजीएसटी आणि एसजीएसटी, एकूण ३,१२,३५४. आर्टिकलने काय तपासलं ते तिच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं. बिल कंपनीच्याच नावावर आहे, संचालकांच्या किंवा त्यांच्या दुसऱ्या फर्मच्या नावावर नाही. दोघांचेही जीएसटी नंबर २७ ने सुरू होतात, म्हणजे व्यवहार महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, म्हणून आयजीएसटी नाही हे बरोबर. गुणाकार बरोबर. दर पीओशी, म्हणजे कंपनीने दिलेल्या खरेदी ऑर्डरशी, जुळतो. व्यापाऱ्याची उलाढाल पाच कोटींच्या वर असल्याने त्याला ई-इनव्हॉइस लागू. बिलावरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर तोच नंबर, तीच तारीख, तीच रक्कम. पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये बिल दिसतं. खतावणीत रक्कम कच्च्या मालाच्या खात्यालाच पडली आहे. पैसे बँकेतून त्याच व्यापाऱ्याच्या खात्यावर गेले आहेत. आणि स्टोअरच्या जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवर, माल मिळाला ४,८५७ किलो.

काम चोख होतं. फक्त यातला प्रत्येक कागद कुणी आणि कशावरून बनवला, हा प्रश्न राहिला होता. बिल, क्यूआर कोड आणि २बी मधली नोंद ही तिन्ही व्यापाऱ्याकडून आलेली. त्याने बिलात जे लिहिलं तेच तिन्ही ठिकाणी दिसणार. व्यापाऱ्याने बिल सरकारी पोर्टलवर नोंदवलं, एवढं क्यूआर कोड सांगतो. गाडीत माल किती होता ते त्याला माहीत नसतं. कंपनीने स्वतःहून, स्वतःच्या डोळ्यांनी बघून बनवलेला कागद एकच, तो म्हणजे जीआरएन. आणि तो किलोला किलो जुळत होता. पाच टनांच्या आसपासचा लोखंडाचा माल दोन वेगळ्या काट्यांवर चढवला, तर पाच-दहा किलो इकडे-तिकडे होणारच. काटाच मुळी पाच किंवा दहा किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो. ४,८५७ असं सात आकड्याने संपणारं वजन त्या काट्यावर येऊच शकत नाही.

आर्टिकलला म्हटलं, निवडलेल्या चाळीसमध्ये पत्र्याची बिलं किती आहेत बघ. नऊ निघाली. नवांच्याही जीआरएनवर बिलाचंच वजन होतं. कमी आला, जास्त आला, परत पाठवला असा शेरा एकावरही नव्हता.

मग आम्ही खाली स्टोअरला गेलो. स्टोअरचे काका तिथे अठरा-वीस वर्षं आहेत. लपवाछपवीचा माणूस नव्हे. मी विचारलं, "काका, गाडी आली की काय करता?"

"नग मोजून घेतो साहेब. सहासष्ट तर सहासष्ट. एक कमी असला तरी गाडी सोडत नाही."

"आणि वजन?"

"वजन बिलावर असतंच की. ते उतरवून घेतो."

"गाडी काट्यावर जात नाही का?"

"जाते ना. त्याची पावती गेटवर वॉचमन ठेवतो. ती माझ्याकडे येत नाही."

उत्तर एवढं सरळ होतं. जीआरएन बिलावरून उतरवलेला होता, म्हणून तो बिलाशी जुळत होता. पीओ, बिल आणि जीआरएन असे तीन कागद एकमेकांशी लावायचे हे आपण आर्टिकलला पहिल्या महिन्यात शिकवतो. इथे त्या तिघांपैकी मालाच्या वजनाचा स्वतंत्र पुरावा म्हणावा असा एकही कागद नव्हता.

गेटच्या केबिनमध्ये तारेच्या हुकाला ओवलेल्या काटा पावत्या मिळाल्या. ज्या दिवशी ४९७ चा माल आला, त्या दिवसाची पावती शोधायला वीस मिनिटं लागली. भरलेली गाडी ९,१४० किलो, रिकामी ४,३५५, निव्वळ माल ४,७८५. पावतीवरचा गाडी नंबर ई-वे बिलाच्या भाग बी मधल्या नंबराशी आणि गेट रजिस्टरशी जुळला. म्हणजे माल खरोखर आला होता, त्याच गाडीने आणि त्याच दिवशी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागतं, त्यामुळे पत्र्याच्या बहुतेक गाड्यांना हा धागा मिळतो. खोट्या खरेदीची शंका असेल, तर मी याच धाग्याने जातो.

पण वजन ७२ किलो कमी. दीड टक्क्याच्या जवळपास, रुपयांत ३,९२४ अधिक जीएसटी.

इथे घाई केली असती, तर आमचं हसं झालं असतं. पर्चेसच्या साहेबांचा चेहरा पडला होता, कारण त्यांना वाटलं आता चोरीची भाषा सुरू होणार. नग तर पूर्ण होते, काकांनी स्वतः मोजलेले. मग ७२ किलो गेले कुठे? आर्टिकलचे वडील फॅब्रिकेशनच्या धंद्यात, त्यामुळे तिला एक हिशेब घरून माहीत होता. लोखंडाची घनता ७.८५ धरतात. अडीच मीटर गुणिले सव्वा मीटर गुणिले तीन एमएम गुणिले ७.८५, म्हणजे एका शीटला ७३.५९ किलो. त्याला ६६ ने गुणलं तर ४,८५७.

बिलावर तंतोतंत तेच वजन होतं. व्यापाऱ्याने माल तोललाच नव्हता. शीट तीन एमएमची आहे असं धरून कागदावर वजन काढलं होतं. या बाजारात त्याला थिऑरेटिकल वजन म्हणतात, आणि ती पद्धत बेकायदा नाही; दोघांनी मान्य केली असेल तर तसंच बिल होतं. मिलमधून येणारी शीट नेमकी तीन एमएम नसते, सहसा किंचित पातळ असते. ४,७८५ किलोवरून उलटा हिशेब केला, तर जाडी २.९५ च्या थोडी वर येते. म्हणजे शीटमध्ये खोट नाही, गाडीतून काही उतरवलेलं नाही.

खोट पीओमध्ये पाहिल्यावर सापडली. पीओच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात अट होती: 'बिल काट्याच्या प्रत्यक्ष वजनावर.' दर प्रत्यक्ष वजनाचा ठरलेला आणि पैसे कागदी वजनाचे दिलेले. आर्टिकलने पीओवरचा दर पाहिला होता, अटींचं पान उलटलं नव्हतं. खरं सांगायचं तर गेल्या वर्षी माझ्या सहीने गेलेल्या फाइलमध्येही ते पान उलटलेलं नव्हतं.

नमुन्यात अशी गोष्ट सापडली, की ती पूर्ण यादीवर ताणून अंदाज बांधण्यात अर्थ नसतो, कारण ही चूक सगळ्या १,२१२ बिलांत सारखी पसरलेली नाही. ती एका व्यापाऱ्याच्या पत्र्याच्या बिलांत आहे. म्हणून तो गट वेगळा काढला आणि पूर्ण तपासला. वर्षभरात त्याच्या ४६ गाड्या. काटा पावत्या मिळाल्या ३९ च्या. या ३९ गाड्यांचं बिलातलं वजन १,५८,००० किलो, काट्यावरचं १,५५,६९०. फरक २,३१० किलो, साधारण सव्वा लाख रुपये. ३९ पैकी एकाही गाडीत काट्याचं वजन बिलापेक्षा जास्त नव्हतं. काट्याच्या चुकीमुळे फरक पडला असता, तर तो कधी वर, कधी खाली गेला असता.

किती रकमेवरची चूक मोठी धरायची याची आठ लाखांची कामकाजी मर्यादा आम्ही ठरवली होती, आणि ही रक्कम तिच्यापेक्षा बरीच खाली होती. तरीही संचालकांना लेखी कळवली, कारण इथे रकमेपेक्षा रस्ता मोकळा असणं मोठं होतं: जिथे स्टोअर बिलावरून जीआरएन लिहितं, तिथे उद्या खरोखर अर्धीच गाडी आली, तरी कागद जुळेलच.

७६७ नंबरचं बिल अगदी साधं होतं. वेल्डिंग वायर आणि ग्राइंडिंग व्हील, ३३,००० अधिक ५,९४० जीएसटी. भोसरीतलाच छोटा दुकानदार, ई-इनव्हॉइस लागू नाही. बिलात काही वावगं नव्हतं. आर्टिकलने २बी शी लावताना पाहिलं, तर कंपनीच्या जुळणी तक्त्यात '२बी मध्ये न दिसणारी बिलं' या भागात याच दुकानदाराचे ५,९४० रुपये चार महिने पडून होते. शेजारी शेरा, 'सप्लायरने रिटर्न भरलं नाही.' पण त्या महिन्याचं त्याचं बिल तर २बी मध्ये स्वच्छ दिसत होतं! एकच बिल दोनदा चढलं होतं. एकदा व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवरून, नंबर ०४१२. महिन्याभराने कागदी प्रत आल्यावर दुसऱ्या माणसाने, नंबर ४१२. नंबर वेगळा टाइप झाल्याने टॅलीने हटकलं नाही. पैसे एकदाच गेले होते, त्यामुळे दुकानदाराच्या खात्यावर खोटी बाकी दिसत होती. गरीब बिचाऱ्या दुकानदारावर मात्र चार महिने रिटर्न न भरल्याचा आळ.

ही चूक मात्र कुठल्याही बिलात होऊ शकते, म्हणून ती यादीवर ताणून बघावी लागते. २८.६० लाखांच्या नमुन्यात ३३,००० ची चूक, तर ८.७० कोटींच्या यादीत त्याच प्रमाणात दहा लाखांच्या आसपास. आमच्या आठ लाखांच्या मर्यादेच्या वर. अकाउंटंट म्हणाले, "सर, एखादं चुकून झालं असेल." असेलही. पण ही चूक एकटीच आहे असं म्हणायला नमुन्याच्या मानकाप्रमाणे फार भक्कम पुरावा लागतो, आणि 'असेल' हा पुरावा नव्हे. अशा वेळी आणखी चाळीस बिलं काढण्यापेक्षा पूर्ण यादी एक्सेलमध्ये चाळणं सोपं. सी स्तंभात जीएसटी नंबर, एफ मध्ये करपूर्व रक्कम:

```
=COUNTIFS(C:C,C2,F:F,F2)>1
```

चौसष्ट ओळी वर आल्या. बहुतेक खऱ्या होत्या. दर महिन्याला त्याच रकमेचा गॅस, तेच पॅकिंग. एकेक बिल काढून पाहिल्यावर खरी दुबार तीन निघाली, आमचं एक धरून, मिळून ७१,३००. दहा लाखांचा अंदाज गळून पडला आणि कंपनीने तिन्ही नोंदी उलटवल्या. ज्या बिलांत रक्कमही वेगळी टाइप झाली असेल, ती या सूत्रात सापडत नाहीत. त्यासाठी मोठ्या पुरवठादारांकडून थेट खातेउतारे मागवले. ते जुळले.

शेवटचं बिल, ११८७. तारीख २९ मार्च २०२५, रक्कम १,४२,०००, अहमदाबादहून. जीआरएन २ एप्रिलचा. मध्ये ३० तारखेला गुढीपाडवा, ३१ ला ईद, गाडी वाटेत थांबलेली. पीओवर लिहिलं होतं 'एफओआर भोसरी', म्हणजे माल भोसरीत उतरेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. तेव्हा ही खरेदी मार्चची नाही. खरेदी मार्चमध्ये चढवली आणि ३१ मार्चच्या मोजणीत मात्र हा माल नाही, त्यामुळे नफा तेवढ्याने कमी दिसत होता. 'एक्स-वर्क्स', म्हणजे विकणाऱ्याच्या दारापासूनच जोखीम घेणाऱ्याची, असं लिहिलं असतं, तर उत्तर उलट आलं असतं: नोंद बरोबर, आणि वाटेतला माल साठ्यात धरायला हवा होता.

एक चुकलं, म्हणून मार्चचे शेवटचे दहा आणि एप्रिलचे पहिले दहा जीआरएन काढले, आणि या वेळी उलट दिशेने गेलो, जीआरएनवरून खतावणीकडे. २८ मार्चला आलेला ९६,००० चा माल तिथे सापडला. तो मोजणीत होता, पण त्याचं बिल ९ एप्रिलला आलं म्हणून एप्रिलमध्ये चढवलं होतं. मार्चच्या यादीत तो नव्हताच, तेव्हा यादीतून चाळीसच्या जागी चारशे बिलं काढली असती, तरी तो हाती लागला नसता.

पत्र्याच्या व्यापाऱ्याशी बोलणी महिनाभर चालली. 'आमच्याकडे सगळे असंच घेतात,' हे त्याचं पहिलं उत्तर. ३९ काटा पावत्या समोर ठेवल्यावर अर्धा टक्का फरक सोडून द्यायचा असं ठरलं, आणि उरलेल्या १,५२० किलोंची ५४ रुपये दराने ८२,०८० अधिक जीएसटी अशी क्रेडिट नोट जूनमध्ये आली. आमची सही अजून व्हायची होती आणि व्यवहार मार्चच्या आतले, म्हणून ती २०२४-२५ च्याच हिशेबात घेतली. जीएसटीचं क्रेडिट कंपनीने क्रेडिट नोटच्या महिन्यात परत केलं. ज्या सात गाड्यांच्या पावत्या हुकाला नव्हत्या, त्यांचा दावा कंपनीने सोडला. आमच्या कागदांत त्या सात ओळींसमोर हिरवी टिक नाही, 'वजनाचा पुरावा मिळाला नाही' असं लिहिलेलं आहे. काटा पावती आता वॉचमन थेट काकांकडे देतो, आणि जीआरएनवर वजनाचे दोन रकाने आहेत.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या कामाला गेलो, तेव्हा काकांनी स्वतःहून वही पुढे केली. ताज्या नोंदीत बिलाचं वजन ३,६८०, काट्याचं ३,६२५, आणि पुढे त्यांच्या ठसठशीत अक्षरात: 'नग ५०, बरोबर. वजन साहेबांना कळवले.'